६८ पर्सेंटाइल म्हणजे ६८ टक्के नव्हेत

*ताई, माझी मुलगी सातवीत आहे. पहिल्या सत्रात तिला ५०० पैकी ४१२ गुण, अ-२ श्रेणी आणि वर्गात नववा क्रमांक होता. दुसऱ्या सत्रात ४०१ गुण, ब-१ आणि पंधरावा क्रमांक. वर्गात ४० मुलं आहेत. या वेळी पर्सेंटाइल असा नवा रकाना आलाय, त्यात ६८ लिहिलंय. टक्के तर ८०.२ आहेत, मग हे ६८ कुठून आले? गणितात ८४ चे ७४ झालेत. सत्राच्या मध्ये आठवडाभर ताप होता, पण सत्रपरीक्षा सगळी दिली. मुलगी सगळ्यातच मागे पडतेय. मी तिला खूप बोलले. शनिवारी शिक्षकांची भेट आहे. गणिताची शिकवणी लावावी का हे विचारणार आहे. अजून काय विचारू? दोन्ही प्रगतिपुस्तकांचे फोटो पाठवते आहे.*
*– एक आई*

नमस्कार,

शिकवणीचा प्रश्न शनिवारी पहिला विचारू नका. तुम्ही पाठवलेले दोन्ही फोटो मी शेजारी शेजारी ठेवून पाहिले. त्यात एक असा आकडा आहे की त्याचा खुलासा झाल्याशिवाय शिकवणी हवी की नको, हे शिक्षकांनाही नीट सांगता येणार नाही. त्या आकड्यापर्यंत आपण येऊच. पण आधी श्रेणी, क्रमांक आणि पर्सेंटाइल हे तिन्ही बाजूला करायला हवेत, कारण तिघांनी मिळून तुम्हाला घाबरवलंय आणि तिघंही वेगवेगळी गोष्ट सांगतात.

श्रेणीपासून सुरुवात करू. प्रगतिपुस्तकाच्या मागच्या पानावर तक्ता असतो, तो फार कमी पालक वाचतात. तुमच्या मुलीच्या शाळेच्या तक्त्यात ८१ ते ९० म्हणजे अ-२ आणि ७१ ते ८० म्हणजे ब-१ असं दिलंय. आता तिचे टक्के पाहा: ८०.२. हा आकडा दोन्ही गटांत बसत नाही. तो ८० आणि ८१ च्या मधल्या फटीत पडतो. म्हणजे श्रेणी लावण्याआधी शाळा टक्क्यांचा पूर्णांक करते, हे उघड आहे. अर्ध्याच्या वर गेलं की पुढचा आकडा आणि खाली राहिलं की मागचा, अशी नेहमीची पद्धत असेल तर ८०.२ चे ८० झाले आणि ब-१ लागली. ४०१ ऐवजी ४०३ गुण असते तर ८०.६ टक्के झाले असते, त्याचे ८१ धरले असते आणि अ-२ कायम राहिली असती. दोन गुणांचा प्रश्न होता. शाळा अपूर्णांक सरळ सोडून देत असेल तर मात्र ४०५ लागले असते, म्हणजे चार गुण.

दुसऱ्या टोकाकडूनही बघा. ५०० पैकी ३५५ गुण मिळवणाऱ्या मुलालाही ब-१ च लागणार. तुमच्या मुलीचे ४०१ आणि त्याचे ३५५ यांत ४६ गुणांचं अंतर आहे, तरी प्रगतिपुस्तकावर दोघांची श्रेणी एकच. उलट ४०१ आणि ४०३ मध्ये दोनच गुणांचं अंतर आणि श्रेणी वेगळी. श्रेणी बदलली म्हणून अभ्यास तितका बदलला, असं म्हणताच येत नाही. तुमच्याच फोटोत याचं आणखी एक उदाहरण आहे. इंग्रजीत तिचे ७९ चे ८० झाले, म्हणजे वाढले, पण श्रेणी होती तिथेच. समाजशास्त्रात ८४ चे ८० झाले तर लगेच अ-२ ची ब-१. श्रेणी सीमेवरच तेवढी हलते, मधल्या प्रवासाचं तिला काही देणंघेणं नसतं. म्हणून दोन सत्रांची तुलना करताना श्रेणी झाकून ठेवा आणि मूळ गुण बघा.

एक पोटसूचना. काही शाळांत आणि परीक्षांत श्रेणी अशी ठरावीक टक्क्यांवर नसते, ती मुलांच्या एकमेकांतल्या स्थानावर ठरते. म्हणजे उत्तीर्ण झालेल्यांतला वरचा ठरावीक हिस्सा अ-१, त्याच्या खालचा हिस्सा अ-२, अशी. तिथे ८५ गुण मिळूनही एका वर्षी अ-२ आणि दुसऱ्या वर्षी ब-१ लागू शकते, कारण सीमारेषा दर वेळी सरकते. तुमच्याकडे तसं नाही, तक्त्यात टक्के छापलेत. पण हे सदर वाचणाऱ्या इतर पालकांनी आपला तक्ता एकदा पाहून घ्यावा. टक्क्यांचे गट छापलेले नसतील तर शाळेला पहिला प्रश्न तोच करावा.

आता क्रमांक. नवव्यावरून पंधरावा हे ऐकायला फार वाईट वाटतं, कारण सहा मुलं पुढे गेली असं चित्र डोळ्यांपुढे येतं. पण क्रमांकाच्या दोन पायऱ्यांमधलं अंतर सारखं नसतं. वर्गाच्या वरच्या टोकाला मुलं विरळ असतात आणि मधल्या भागात दाटीवाटीने असतात. समजा, या सत्रात पहिल्या मुलाला ४७८ आणि दुसऱ्याला ४६२ गुण आहेत. तिथे एका क्रमांकामागे सोळा गुण आहेत. आणि नवव्यापासून चौदाव्यापर्यंतचे गुण समजा ४११, ४०९, ४०८, ४०६, ४०४ आणि ४०३ असे आहेत, मग तुमची मुलगी ४०१ वर. इथे दहा गुणांच्या आत सहा क्रमांक संपतात. ही यादी मी तुमच्या वर्गातली घेतलेली नाही, कल्पनेने मांडली आहे. पण ८० टक्क्यांच्या आसपास बहुतेक वर्गांत अशीच गर्दी असते. एका प्रश्नात उत्तर बरोबर काढून एकक लिहायचं राहिलं, एका निबंधाला एक गुण कमी पडला, तर या पट्ट्यात एकदम दोन-तीन क्रमांक खाली जाता येतं. तेच मूल पुढच्या आठवड्यात तसाच पेपर पुन्हा देईल तर पाच-सहा गुण इकडे-तिकडे होतीलच. म्हणून मधल्या पट्ट्यातला क्रमांक एका सत्रावरून मनाला लावून घेऊ नये. चार-पाच सत्रं सलग घसरण दिसली तर गोष्ट वेगळी.

सारखे गुण पडले की क्रमांक कसा लावतात, हेही शाळेगणिक बदलतं. दोन मुलं नववी आली तर पुढचं मूल काही ठिकाणी दहावं असतं, काही ठिकाणी अकरावं. दोन सत्रांत पद्धत बदलली असेल तर क्रमांक त्यानेही हलतो. हा मुद्दा छोटा आहे, पण वर्गशिक्षक एका वाक्यात सांगू शकतील.

मग ते ६८. हा आकडा पाहून तुम्हाला धक्का बसला, आणि मला वाटतं तिला जे बोलणं बसलं ते मुख्यतः याच्यापायी. पर्सेंटाइलचा टक्क्यांशी संबंध नाही. टक्के सांगतात की पेपरातल्या शंभर गुणांपैकी किती मिळाले. पर्सेंटाइल सांगतो की शंभर मुलांच्या रांगेत आपल्या मागे किती मुलं आहेत. ६८ पर्सेंटाइल म्हणजे त्या गटातल्या सुमारे ६८ टक्के मुलांचे गुण तिच्यापेक्षा कमी आहेत. सोपा पेपर निघाला आणि सगळ्यांनाच नव्वदच्या पुढे मिळाले, तर ९१ टक्के मिळवणाऱ्या मुलाचा पर्सेंटाइल १० सुद्धा येऊ शकतो. अवघड पेपरात ५५ टक्क्यांना ९० पर्सेंटाइल येऊ शकतो.

आता प्रश्न उरतो तो 'त्या गटातल्या' या दोन शब्दांचा. कोणत्या गटातल्या? हे तुम्ही स्वतः पडताळून पाहू शकता, कागद-पेन घ्या. वर्गात ४० मुलं आणि ती पंधरावी, म्हणजे तिच्या मागे २५. पंचवीस भागिले चाळीस, गुणिले शंभर: ६२.५. काही शाळा मुलाला स्वतःलाही मोजतात, मग २६ भागिले ४०, म्हणजे ६५. दोन्ही प्रकारे ६८ येत नाही. याचा अर्थ हा पर्सेंटाइल तिच्या तुकडीतला नाही. आणि खरोखरच, तुमच्या फोटोच्या तळाशी अगदी बारीक अक्षरात 'इयत्तानिहाय, एकूण विद्यार्थी १२०' असं छापलेलं दिसतंय. तिन्ही तुकड्या मिळून तो काढलाय. १२० मुलांत ६८ पर्सेंटाइल म्हणजे मागे सुमारे ८२ मुलं, म्हणजे इयत्तेत ती अडतिसाव्या क्रमांकाच्या आसपास.

यातून एक गंमतीची गोष्ट कळते. इयत्तेत तिच्या मागे ६८ टक्के मुलं आहेत आणि तिच्या स्वतःच्या तुकडीत ६२.५ टक्केच. तिची तुकडी बाकी दोन तुकड्यांसारखीच असती, तर चाळीसांत ती तेरावी असती. म्हणजे पंधराव्या क्रमांकातल्या दोन पायऱ्या तिच्या तुकडीत पुढची मुलं जरा जास्त असल्यामुळे आहेत. यात फार अर्थ शोधायला जाऊ नका. तिन्ही तुकड्यांचे पेपर वेगवेगळ्या शिक्षकांनी तपासले असतील तर एखाद्याचा हात सैल आणि एखाद्याचा कडक असतो, त्याचाही हा परिणाम असू शकतो. पण 'पंधरावी' आणि '६८' ही दोन वेगळ्या रांगांतली स्थानं आहेत, एकाच गोष्टीच्या दोन वाईट बातम्या नाहीत, एवढं लक्षात ठेवा.

पर्सेंटाइलबद्दल अजून एकच सांगते, कारण पुढच्या सत्रात तुम्ही तो आकडा पुन्हा बघणार आहात. क्रमांकासारखाच तोही मधल्या गर्दीत उड्या मारतो. ६८ चा ७६ व्हायला आठ-दहा गुण पुरू शकतात. ९५ चा ९८ व्हायला तेवढेच गुण लागतील किंवा त्याहून जास्त. त्यामुळे 'पर्सेंटाइल आठने वाढला' या वाक्यावरून अभ्यास किती वाढला हे कळत नाही. आणि वेगवेगळ्या विषयांच्या पर्सेंटाइलची बेरीज करून सरासरी काढू नका, ती सरासरी कशाचीच नसते. पहिल्या सत्रात हा रकाना नव्हता, म्हणून तुमच्याकडे तुलनेला काही नाही. हवं तर पहिल्या सत्राचा इयत्तेतला पर्सेंटाइल मिळेल का, असं वर्गशिक्षकांना विचारून पाहा. गुण संगणकात भरलेले असतील तर काढणं अवघड नाही.

श्रेणी, क्रमांक आणि पर्सेंटाइल असे झाकून ठेवले की उरतात विषयवार गुण. खरं वाचन इथून सुरू होतं. एकूण ४१२ चे ४०१ झाले, म्हणजे अकरा गुण कमी. ते कुठे गेले? मराठी ८५ चे ८७, दोन वाढले. इंग्रजी ७९ चे ८०, एक वाढला. विज्ञान ८० चे ८०. समाजशास्त्र ८४ चे ८०, चार कमी. या चार विषयांची बेरीज ३२८ वरून ३२७, म्हणजे एकच गुण कमी. उरलेले दहाच्या दहा गुण एकट्या गणितात गेले. 'मुलगी सगळ्यातच मागे पडतेय' असं तुम्ही पत्रात लिहिलंय, त्याला या आकड्यांत आधार नाही. चार विषयांत ती होती तिथेच आहे.

आता गणिताच्या ओळीत शिरू. तुमच्या मुलीच्या शाळेत विषयाचे १०० गुण दोन भागांत आहेत: लेखी ८० आणि अंतर्गत मूल्यमापन २०. पहिल्या सत्रात लेखी ६६, अंतर्गत १८, मिळून ८४. दुसऱ्या सत्रात लेखी ६५, अंतर्गत ९, मिळून ७४. पुन्हा एकदा वाचा. लेखी परीक्षेत एकच गुण कमी आहे. नऊ गुण अंतर्गत मूल्यमापनात गेलेत. ज्या मुलीला गणित जड जायला लागलंय तिचा लेखी पेपर आधी ढासळतो. इथे ८० गुणांचा पेपर जवळजवळ जसाच्या तसा आहे आणि २० गुणांचा भाग अर्ध्यावर आलाय. हाच तो आकडा.

प्रगतिपुस्तकावर अंतर्गत गुणांची फोड छापलेली नाही, पण पहिल्या सत्राच्या पुस्तकाला जोडलेल्या चिठ्ठीच्या फोटोत ती दिसते: घटक चाचणी १० पैकी ९, वही आणि गृहपाठ ५ पैकी ५, उपक्रम ५ पैकी ४. बेरीज १८. आता त्यातली घटक चाचणी काढून टाका. उरतात ९. दुसऱ्या सत्रातले अंतर्गत गुणही बरोबर ९ आहेत. आणि पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात की सत्राच्या मध्ये तिला आठवडाभर ताप होता.

मी पैजेवर सांगत नाही, पण माझा कयास असा की त्या आठवड्यात गणिताची घटक चाचणी झाली, ती गैरहजर लागली आणि गैरहजेरीचे शून्य गुण बेरजेत आले. सत्रपरीक्षा सगळी दिली म्हणून घटक चाचणी राहून गेल्याचं तुमच्या लक्षात आलं नसेल. मुलं असं घरी सांगतातच असं नाही, कधी त्यांनाही वाटतं की चाचणी हुकली तर ती मोजलीच जाणार नाही. हा कयास बरोबर असेल तर पुढचं गणित करून पाहा. पहिल्या सत्रासारखे तिला चाचणीत ९ मिळाले असते तर एकूण ४१० झाले असते, म्हणजे बरोबर ८२ टक्के. श्रेणी अ-२. आणि मी वर मांडलेल्या काल्पनिक यादीत ४११ च्या खाली, दहावा क्रमांक. घसरणीचं जवळजवळ सगळं चित्र त्या एका शून्यावर उभं आहे.

कयास चुकीचाही असू शकतो, म्हणून दोन शक्यता अजून डोक्यात ठेवा. चाचणीत ३, वहीत ३, उपक्रमात ३ अशीही ९ ची बेरीज होते. तसं असेल तर ताप हे कारण नाही. मग वह्या वेळेवर जात नाहीत, उपक्रम अर्धवट राहतोय, चाचणीची तयारी होत नाहीये, असं काहीतरी घडतंय आणि त्यावर शिक्षकांशी वेगळं बोलावं लागेल. तिसरी शक्यता नोंदीतल्या चुकीची. एका तुकडीचे चाळीस मुलांचे पाच विषयांचे गुण भरायचे म्हणजे दोनशे ओळी होतात, त्यात १९ चे ९ होणं अशक्य नाही. हे विचारण्यात आरोप नसतो, फक्त विचारायची रीत हवी.

भेटीआधी घरी दोन कामं करा. पहिलं, तिच्याशी बोला, आणि या वेळी ऐकण्यासाठी बोला. 'गणिताची घटक चाचणी कधी झाली, तू होतीस का?' एवढंच विचारा. तिने दिलेलं उत्तर लिहून ठेवा. त्याच वेळी तिला हेही सांगा की ६८ हे टक्के नव्हते, ते मला आज कळलं. तिला वर्गात कुणीतरी हे आधीच सांगितलं असेल आणि आई चुकीच्या आकड्यावरून रागावली हे ती मनात ठेवून असेल. दुसरं काम, तापाच्या दिवसांच्या तारखा शोधा. शाळेला पाठवलेली रजेची चिठ्ठी, डॉक्टरांचा कागद किंवा निरोप, जे असेल ते सोबत न्या.

शनिवारी भेटायला दहाच मिनिटं मिळतील असं धरून चाला, कारण रांगेत चाळीस मुलांचे पालक असतात. गणिताच्या शिक्षकांना आणि वर्गशिक्षकांना वेगवेगळे प्रश्न विचारा. गणिताच्या शिक्षकांकडे पहिलं वाक्य असं असू द्या: 'सर, हिचे लेखी गुण दोन्ही सत्रांत सारखे आहेत, पण अंतर्गत १८ चे ९ झालेत. या नवाची फोड बघायला मिळेल का?' शिक्षिका असतील तर सर ऐवजी बाई किंवा मॅडम म्हणा, बाकी वाक्य तेच. या वाक्याचा फायदा असा की शिक्षकांना नोंदवही उघडावी लागते. 'गणितात का मागे पडली हो?' असं विचारलंत तर उत्तर येईल 'लक्ष कमी आहे, सराव वाढवा', आणि तुम्ही दोघंही तिथेच थांबाल. चाळीस मुलांपैकी प्रत्येकाची गोष्ट शिक्षकांना पाठ नसते, ती त्यांच्या वहीत असते.

फोड पाहिल्यावर चाचणीच्या रकान्यात गैरहजर किंवा शून्य दिसलं, तर पुढचा प्रश्न नियमाचा: आजारपणामुळे चाचणी हुकली तर शाळा काय करते? काही शाळा चाचणी पुन्हा घेतात, काही बाकीच्या चाचण्यांची सरासरी धरतात, काही तो भाग वगळून उरलेल्या गुणांवरून टक्के काढतात, आणि काही सरळ शून्य देतात. तुमच्या शाळेचा नियम काय आहे, त्यासाठी अर्ज किती दिवसांत द्यावा लागतो आणि कुणाकडे, हे विचारून घ्या. मुदत संपली असेल तर वाद घालू नका, शिक्षकांच्या हातात ते बहुधा नसतं. मुख्याध्यापकांना तारखा आणि कागद जोडून अर्ज द्या. तो मान्य झाला नाही तरी प्रगतिपुस्तकावर 'चाचणीस आजारपणामुळे गैरहजर' असा शेरा लिहून मिळेल का, हे नक्की विचारा. पुढच्या वर्षी नवे शिक्षक हे पुस्तक उघडतील तेव्हा त्यांना ७४ दिसतील, त्यामागचं कारण त्यांना आपोआप कळणार नाही.

चाचणी दिली होती आणि गुणच कमी पडले, असं निघालं तर चाचणीची उत्तरपत्रिका पाहायला मागा. तिथे कोणत्या घटकावर चाचणी होती हे बघा. ताप येऊन गेल्यावर लगेच चाचणी झाली असेल आणि बुडलेल्या दिवसांत शिकवलेला धडाच तिच्यात असेल, तर तेवढा एक धडा भरून काढायचाय. त्यासाठी वर्षभराची शिकवणी लागत नाही, चार संध्याकाळी पुरतात. शिकवणीचा प्रश्न तेव्हाच विचारा जेव्हा लेखी पेपरातले गेलेले पंधरा गुण एकाच प्रकारच्या प्रश्नांत गेलेले दिसतील. म्हणून लेखी उत्तरपत्रिकाही चाळा. ते पंधरा गुण पेपरभर अर्धा-एक असे विखुरलेले असतील तर ती घाईची लक्षणं आहेत. अपूर्णांक आणि गुणोत्तराच्या प्रश्नांतच बारा गेले असतील तर संकल्पना कच्ची आहे, आणि तिथे मदत हवी. ६६ चे ६५ या आकड्यावरून यातलं काय घडलंय हे कळणार नाही, उत्तरपत्रिकेवरून लगेच कळेल.

आणखी एक माहिती मागण्यासारखी आहे: गणिताच्या लेखी परीक्षेची वर्गाची सरासरी, दोन्ही सत्रांची. प्रगतिपुस्तकात 'वर्गातील सर्वाधिक गुण' छापलेत, पण त्याने काही समजत नाही. सर्वाधिक गुण हे एका मुलाचे असतात. पहिल्या सत्रात वर्गाची सरासरी ८० पैकी ५८ होती आणि या वेळी ५२ झाली असेल, तर पेपर अवघड होता आणि त्यात ६५ मिळवणं ही प्रगती आहे. सरासरी ५८ वरून ६३ वर गेली असेल, तर बाकीचे पुढे सरकले आणि ती जागीच राहिली. गुण तेच, अर्थ अगदी उलट. शिक्षक सरासरी सांगतात, त्यात कुणा मुलाचं नाव येत नाही. दुसऱ्या एखाद्या मुलीचे गुण मात्र विचारू नका, ते सांगण्याचा त्यांना अधिकार नाही, आणि तुमच्या मुलीबद्दल त्यातून काही कळतही नाही.

वर्गशिक्षकांसाठी दोन प्रश्न राखून ठेवा. पहिला क्रमांकाचा, सारखे गुण असतील तर पुढचा क्रमांक कसा देतात हा. दुसरा जास्त महत्त्वाचा: तिन्ही सत्रांचे गुण वार्षिक निकालात कोणत्या प्रमाणात धरतात? तिन्ही सत्रं सारखी मोजत असतील तर आत्तापर्यंत तिचे १००० पैकी ८१३ आहेत, म्हणजे ८१.३ टक्के, आणि तिसऱ्या सत्रात ४०२ गुण मिळाले तरी वार्षिक बेरीज १५०० पैकी १२१५, म्हणजे बरोबर ८१ टक्के होते. अ-२ ला तेवढे नक्की पुरतात. शेवटच्या सत्राला जास्त वजन असेल तर ४०२ पुरतीलच असं नाही, मग थोडे वर लागतील. हे प्रमाण कळलं की तिसऱ्या सत्रातल्या गणिताच्या घटक चाचणीची तारीख तिथेच विचारून लिहून घ्या.